पत्रिकेची पीडीएफ प्रेसमध्ये उघडली की वेलांट्या का सुटतात, आणि ब्लीड-कटिंगचं काय करायचं

प्रश्न: बहिणीच्या लग्नाची पत्रिका मीच बनवतोय. ५ बाय ७ इंच, दोन्ही बाजूंनी छपाई, ३०० जीएसएम आर्ट कार्ड. वर्डमधून पीडीएफ करून नागपूरला इतवारीतल्या एका प्रेसला पाठवली तर ते म्हणाले ब्लीड नाही, कटिंग मार्क नाहीत, फॉन्ट एम्बेड करून द्या. त्यांच्या स्क्रीनवर 'विवाह'ची वेलांटी सुटून ठिपक्यांच्या गोलावर बसलेली दिसली, माझ्याकडे तीच पीडीएफ एकदम बरोबर दिसते. नेमकं काय चुकलं? लॅपटॉपवर स्क्रायबस टाकून ठेवलंय, त्यात होईल का?

उत्तर:

होईल ना भाऊ, स्क्रायबसमध्ये आरामात होईल, फक्त १.६ किंवा त्याच्या पुढचं व्हर्जन पाहिजे. जुन्या १.४ मध्ये जोडाक्षरं आणि वेलांट्या धड लागतच नव्हत्या, त्यामुळे कोणी पेनड्राइव्हवर जुनं सेटअप दिलं असेल तर ते काढून टाका.

आधी वेलांटीचं बोलू, कारण मला वाटतं प्रेसवाल्यांनी रोग बरोबर पाहिला पण नाव चुकीचं सांगितलं. तुमच्या पीडीएफमध्ये फॉन्ट बहुतेक एम्बेड झालेलाच असेल, वर्ड तो आपोआप घालतो. बघायचं असेल तर ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाईल उघडून Ctrl+D दाबा, Fonts नावाच्या टॅबमध्ये प्रत्येक फॉन्टच्या पुढे Embedded Subset असं दिसलं म्हणजे फॉन्ट आत आहे. मग तरी वेलांटी का सुटली? तर इकडच्या बहुतेक छोट्या प्रेसमध्ये पीडीएफ थेट छापतच नाहीत, ती कोरलड्रॉमध्ये उघडतात, एका शीटवर चार-चार कार्डं लावतात आणि मग पुढे पाठवतात. आणि कोरल पीडीएफ घेताना विचारतं की Import text as: Text का Curves. ऑपरेटर घाईत असतो, सीझनमध्ये तर विचारूच नका, तो Text वरच ओके मारतो, आणि तिथेच सगळा घोळ होतो.

का होतो ते सांगतो, म्हणजे पुढे स्वतःलाच ओळखता येईल. तुम्ही 'वि' टाइप करता तेव्हा कॉम्प्युटरमध्ये आधी व जातो मग ऱ्हस्व वेलांटी. पण कागदावर वेलांटी व च्या डावीकडे दिसते, हो ना? पीडीएफ ही शब्दांची फाईल नाहीच मुळी, ती कुठला आकार कुठे ठेवायचा याची यादी आहे, आणि त्यात आकार दिसतात त्या क्रमाने ठेवलेले असतात, म्हणजे आधी वेलांटीचा आकार, मग व, मग व, काना, ह. हे आकार जसेच्या तसे छापले तर काहीच बिघडत नाही. पण कोणी त्या आकारांचं परत टेक्स्ट करायला गेलं की त्याला पहिल्यांदा नुसती वेलांटी भेटते, तिच्या आधी अक्षरच नाही, म्हणून तो बिचारा ठिपक्यांचा गोल काढून त्यावर ती बसवतो. तुमच्या पत्रिकेचं हेच झालंय. याच कारणाने मराठी पीडीएफमधून कॉपी-पेस्ट केलं की कचरा येतो, त्याने घाबरायचं नाही, छपाईशी त्याचा संबंध नाही.

म्हणून माझी पद्धत अशी की प्रेसला दोन पीडीएफ द्यायच्या. एकीत फॉन्ट एम्बेड केलेला, आणि दुसरीत अक्षरांचे कर्व्ह केलेले, म्हणजे तिच्यात फॉन्ट नाहीच, नुसत्या आकृत्या, मग कोरलने काहीही विचारलं तरी फुटायला काही उरत नाही. एम्बेडवाली पीडीएफ थेट छापणाऱ्यासाठी, कर्व्हवाली कोरलवाल्यासाठी. मूळ स्क्रायबस फाईल मात्र आपल्याकडे जपून ठेवायची, कारण कर्व्ह केल्यावर आत्याबाईंचं नाव राहिलं म्हणून फोन आला तर त्या फाईलमध्ये एक अक्षर बदलता येत नाही.

आता बनवायला बसू. तुमचं कापून हातात येणारं कार्ड ५ बाय ७ इंच, म्हणजे १२७ बाय १७७.८ मिमी. स्क्रायबसमध्ये नवीन डॉक्युमेंट घेताना पानाचं माप एवढंच टाकायचं, आणि Bleeds मध्ये चारही बाजूंना ३ मिमी. लोक काय करतात, पानाचंच माप १३३ बाय १८३.८ टाकून मोकळे होतात, मग सॉफ्टवेअरला कळतच नाही की कटिंग कुठे आहे आणि क्रॉप मार्क, म्हणजे तेच कटिंग मार्क, बाहेरच्या कडेला लागतात, कार्ड ६ मिमी मोठं कापलं जातं आणि पाकिटात जात नाही. पाकिटं आधीच घेऊन ठेवली असतील तर बोंबलाच मग.

ब्लीड म्हणजे एवढंच की जो रंग किंवा डिझाईन कडेपर्यंत जातंय ते कडेला न थांबवता ३ मिमी बाहेर ओढायचं. छापलेल्या शीटचा गठ्ठा कटिंग मशीनखाली जातो तेव्हा ब्लेड अर्धा-एक मिमी इकडेतिकडे होणारच, कागदही सरकतो, दोन्ही बाजूंची छपाई तंतोतंत एकावर एक येत नाही. रंग बाहेरपर्यंत असेल तर काही दिसत नाही, रंग कडेलाच संपला असेल तर पांढरी रेघ दिसते, आणि लाल किंवा मरून बॅकग्राउंडवर ती दुरूनही दिसते. बॅकग्राउंडला फोटो किंवा नक्षीची इमेज लावणार असाल तर ती ब्लीडसकट मापाची पाहिजे, ३०० डीपीआयला साधारण १५७१ बाय २१७१ पिक्सेल. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेला गणपती ताणून बसवू नका, डॉक्युमेंट म्हणून मागवा.

पण खरं सांगू का, पत्रिकेत सगळ्यात जास्त रडारड ब्लीडची नसते, बॉर्डरची असते. आपल्याकडे पत्रिकेला चौफेर सोनेरी बारीक बॉर्डर पाहिजेच, आणि ती सगळे कडेपासून २-३ मिमीवर लावतात. मी पण लावली होती, नागपूरच्या महाल भागात स्वतःचं डीटीपी सुरू केलं त्या पहिल्याच सीझनला. एका ओळखीच्या घरचं काम होतं, ४०० कार्डं. कटिंगमध्ये एक मिमी सरकलं, बस एक मिमी, म्हणजे बॉर्डरच्या बाहेर डावीकडे २ मिमी आणि उजवीकडे ४ मिमी. प्रेसवाल्याची चूक नव्हती, एवढं सरकतंच. पण डोळ्याला २ आणि ४ म्हणजे सरळ दुप्पट दिसतं ना, मुलीचे वडील पट्टी घेऊन आले होते. तेव्हापासून मी बॉर्डर कडेपासून ७-८ मिमी आत घेतो, तिथे तोच एक मिमी सरकला तर ७ आणि ९ होतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. नाहीतर बॉर्डर जाड करून सरळ ब्लीडमध्ये सोडून द्यायची. मधला रस्ता नाही. मजकूर तर कडेपासून निदान ६ मिमी आत ठेवा, खालची 'आपले विनीत' वाली ओळ नेहमी खाली घसरते तिच्याकडे लक्ष द्या.

आता फॉन्ट. वर्डमधला मजकूर युनिकोडमध्ये असेल, म्हणजे मोबाईलवर टाइप करतो तसा, तर सरळ कॉपी करून स्क्रायबसच्या टेक्स्ट फ्रेममध्ये टाका. पण कोणी काकांनी जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप करून दिला असेल तर फॉन्ट बदलताच इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसेल, कारण त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी किंवा भलत्याच चिन्हांच्या जागी बसवलेले असतात. कन्व्हर्टर मिळतात, पण पत्रिका म्हणजे दीड-दोनशे शब्दांचा मामला, मी तर परत टाइपच करतो, कन्व्हर्टरने रफार इकडचा तिकडे केलेला शोधण्यापेक्षा ते सोपं.

फॉन्ट कुठलाही सुंदर घ्या पण आधी चार शब्द त्यात टाकून बघा. मी 'वऱ्हाडी', 'ॲड.', 'ज्येष्ठ' आणि 'नमः' टाकतो. वऱ्हाडी हा आपल्या पत्रिकेत येणारच, 'वऱ्हाडी मंडळींची उतरण्याची सोय' वगैरे, आणि यातला अर्धा ऱ बऱ्याच सजावटी फॉन्टमध्ये नसतोच, मग तो वर रफार होऊन 'वर्हाडी' असं छापतो. वऱ्हाडातल्याच लोकांना वऱ्हाड चुकीचं लिहून बोलवायचं म्हणजे काय! कधी फॉन्ट बरोबर असतो पण टाइप करणाऱ्याने साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडक टाकून तो अर्धा ऱ बनवलेला असतो, कॉपी-पेस्टमध्ये तो जोडक गळतो आणि रफार वर जाऊन बसतो. त्यामुळे खालच्या ठिपक्याचा ऱ, हलन्त, ह असंच टाइप करा, ते टिकतं. 'ॲड.'मधला ॲ जुन्या फॉन्टमध्ये नसतो, चौकोन येतो, आणि घरात एक तरी वकील असतोच. 'नमः'मध्ये खरा विसर्ग पाहिजे, लोक कीबोर्डवरचं कोलन मारतात, मोठ्या अक्षरात ते दोन ठिपके बारीक दिसतात.

मजकुरासाठी Tiro Devanagari Marathi मला आवडतो, त्यात ल आणि श मराठी वळणाचेच येतात, हिंदी वळणाचा ल पत्रिकेत आला की आमच्या आईसारखी माणसं लगेच म्हणतात हे काहीतरी वेगळंच दिसतंय. नाव-पत्त्यांना Mukta चालतो, बारीक मापातही वाचता येतो. दोन फॉन्ट पुरे, तिसरा नाही लावला तरी लग्न होतं.

मजकुराचा रंग नुसता काळा ठेवा, म्हणजे फक्त K १०० टक्के, बाकी तिन्ही शून्य. स्क्रायबसच्या यादीतला Black तोच आहे. त्याच यादीत Registration नावाचाही एक दिसतो, तो पण काळाच दिसतो, त्याला हात लावायचा नाही, तो चारही प्लेटवर छापतो. वर्डमधून आलेला काळा बऱ्याचदा आरजीबी असतो आणि प्रेसमध्ये त्याचे चार रंग होतात, मग चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी बारीक अनुस्वार आणि वेलांट्यांच्या कडेला लाल-निळी झाक येते. तुम्ही म्हणाल डोळ्याला दिसत नाही, पण पत्ता ९ पॉइंटमध्ये असेल तर तो पुसट वाटतो, कारण हेच.

सगळं बसवून झालं की File, मग Export, मग Save as PDF. तिथे तीनच गोष्टी बघायच्या. Fonts मध्ये तुमचे दोन्ही फॉन्ट एम्बेडच्या यादीत आहेत का. Pre-Press मध्ये Crop Marks ला टिक आणि Use Document Bleeds ला टिक, ही दुसरी टिक विसरली की तुम्ही काढलेलं ब्लीड पीडीएफमध्ये येतच नाही, नव्वद टक्के लोक इथेच अडकतात. आणि Color मध्ये Output Intended For ला Printer. बाकी रजिस्ट्रेशन मार्क, कलर बार वगैरे तुम्ही लावू नका, प्रेसवाला शीट लावताना त्याचे तो लावतो. क्रॉप मार्क ब्लीडच्या बाहेर पडले पाहिजेत, आत घुसले तर जरा सरकल्यावर कार्डाच्या कोपऱ्यात काळी काडी राहते, तेवढं मोठं करून बघून घ्या.

आता तपासणी. टर्मिनल वापरत असाल तर पॉपलर नावाचं पॅकेज टाका आणि या दोन ओळी चालवा:

```
pdffonts patrika.pdf
pdfinfo -box patrika.pdf
```

पहिल्यात emb नावाच्या रकान्यात सगळीकडे yes पाहिजे. दुसऱ्यात मापं पॉइंटमध्ये येतात, ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. तुमच्या मापाच्या फाईलला साधारण असं यायला पाहिजे:

```
MediaBox:   0.00   0.00  417.01  561.01
BleedBox:  20.00  20.00  397.01  541.01
TrimBox:   28.50  28.50  388.50  532.50
```

हे वाचायचं कसं, तर प्रत्येक ओळीत तिसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला की रुंदी, चौथ्यातून दुसरा वजा केला की उंची. TrimBox चं ३८८.५ वजा २८.५ म्हणजे ३६०, भागिले ७२, बरोबर ५ इंच. उंची ५३२.५ वजा २८.५ म्हणजे ५०४, म्हणजे ७ इंच. आणि BleedBox ची सुरुवात २० ला आहे, TrimBox ची २८.५ ला, मधला फरक साडेआठ पॉइंट, हेच तुमचे ३ मिमी. BleedBox आणि TrimBox सारखेच आले तर समजा ब्लीडची टिक राहिली. MediaBox थोडा वेगळा आला तर चालतो, ती मार्कची जागा आहे.

कर्व्हवाली दुसरी फाईल बनवायला स्क्रायबसमध्ये त्याच Fonts मध्ये एम्बेडच्या ऐवजी फॉन्ट आउटलाईनमध्ये टाकून वेगळ्या नावाने एक्सपोर्ट करा. घोस्टस्क्रिप्ट असेल तर एम्बेडवाल्या फाईलवरूनही होते:

```
gs -o patrika-curves.pdf -sDEVICE=pdfwrite -dNoOutputFonts patrika.pdf
```

हिच्यावर परत pdffonts चालवलं की खाली एकही फॉन्ट दिसला नाही पाहिजे, नुसतं डोकं दिसतं. आणि मापंही परत एकदा बघून घ्या.

कर्व्हचा एक धोका मात्र देवनागरीतच आहे आणि तो इंग्रजी पत्रिका करणाऱ्यांना कधी भेटत नाही. आपली शिरोरेषा एक सलग रेघ वाटते, पण ती प्रत्येक अक्षराची वेगळी असते आणि शेजारच्या अक्षरावर जराशी चढलेली असते, म्हणून जोड दिसत नाही. कर्व्ह झाल्यावर कोरलमध्ये कोणी सगळी अक्षरं सिलेक्ट करून Ctrl+L मारलं, म्हणजे Combine, की जिथे दोन आकार एकावर एक आहेत तिथे भोक पडतं. मग 'शुभविवाह' लिहिलेल्या मोठ्या अक्षरांत शिरोरेषेवर प्रत्येक जोडाला एक बारीक उभी पांढरी फट. माझ्याकडे हे एकदा सोनेरी फॉइलच्या ब्लॉकवर झालं, ब्लॉक बनून आला आणि मग दिसलं, शिरोरेषा करवतीने कापल्यासारखी. Combine नाही, Group करायचं, आणि फॉइलसाठी एकच आकार लागणारच असेल तर Weld, त्याने सगळं मिळून एक होतं. प्रेसमधून जो फायनल प्रूफ येईल त्यात शीर्षकाची शिरोरेषा ६०० टक्के झूम करून एकदा डावीकडून उजवीकडे बघत जा, अर्धा मिनिट लागतो. झूम केल्यावर स्क्रीनवर केसासारखी रेघ दिसली आणि झूम बदलल्यावर नाहीशी झाली तर ती स्क्रीनची करामत, कागदावर येत नाही. झूम वाढवल्यावर जी रुंद होत जाते ती खरी फट.

आणि हे सगळं फोर कलर छपाईसाठी झालं. दुकानातून तयार कार्ड घेऊन त्यावर नावंच स्क्रीन प्रिंट करणार असाल तर ब्लीड नको, क्रॉप मार्क नको, कार्ड आधीच कापलेलं असतं, एका रंगातला कर्व्ह केलेला मजकूर बरोबर मापात दिला की झालं. घडीचं कार्ड असेल तर उघडल्यावरचं पूर्ण माप घ्या, १० बाय ७, ब्लीड फक्त बाहेरून, घडीच्या जागी नाही.

पाठवायच्या आधी घरच्या प्रिंटरवर ए४ कागदावर Actual size ठेवून एक प्रिंट काढा, Fit केलं तर माप बदलतं. मार्कवर पट्टी ठेवून कटरने कापा, पाकिटात घालून बघा, आणि ते कापलेलं कार्ड घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला वाचायला द्या. स्क्रीनवर दहा जणांच्या नजरेतून सुटलेली चूक आमच्याकडे कागदावर आजीच पकडते, आणि बहुतेक वेळा ती लॉनच्या पत्त्यात नाहीतर वारात असते, तारीख एक आणि वार दुसराच.

प्रेसला फाईली पाठवताना सोबत हे टाका, मी हाच मेसेज वर्षानुवर्षं टाकतोय: "कार्ड ५×७ इंच, दोन पानं, पुढचं आणि मागचं. ब्लीड ३ मिमी धरलेलं आहे, क्रॉप मार्क लावलेले आहेत, परत वाढवू नका. कोरलमध्ये घेणार असाल तर curves नावाची फाईल घ्या, Combine करू नका. चार अप लावून झाल्यावर कटिंगच्या आधी शीटचा एक फोटो पाठवा." फोटो आला की आधी क्रॉप मार्क ब्लीडच्या बाहेर आहेत का ते बघा, आणि मग 'विवाह'ची वेलांटी.